इनऑर्डर सॉर्टेड आला तरी बीएसटी चुकलेलं असू शकतं

प्रश्न: दादा, सीनिअरच्या वहीच्या फोटोवरून बायनरी सर्च ट्री काढलं. इन्सर्शन ऑर्डर मी असा वाचला: 42, 17, 68, 25, 9, 55, 80, 33, 67, 27, 58. खाली "लीफ = 5" लिहिलंय पण माझे 4च येतायत. इनऑर्डर केला तर बरोबर सॉर्टेड येतो, म्हणजे ट्री तर बरोबरच आहे ना? मग लीफ कमी कसे? आणि पोस्टऑर्डर पण लिहायचाय, त्याचं उत्तर फोटोत नाहीये, तो चेक कसा करू?

उत्तर:

तू वाचलेल्या आकड्यांचं ट्री तू अगदी बरोबर काढलंयस, घोळ वाचण्यात आहे, आणि तोही दोन ठिकाणी. तू ज्याला 27 म्हणतोयस तो 21 आहे आणि ज्याला 67 म्हणतोयस तो 61 आहे. त्यातल्या पहिल्याने तुझा एक लीफ खाल्ला. दुसऱ्याने लीफच्या संख्येत काहीच फरक पडला नाही, त्यामुळे फक्त "5" हे उत्तर जुळवत बसला असतास तर तो तसाच राहिला असता आणि पोस्टऑर्डरमध्ये मार्क गेले असते.

आधी इनऑर्डरचं बघू, कारण "सॉर्टेड आला म्हणजे झालं" हे जवळजवळ सगळेच धरून चालतात. इनऑर्डर सॉर्टेड येणं याचा अर्थ एवढाच की तू काढलेलं ट्री हे एक वैध बीएसटी आहे, म्हणजे प्रत्येक नोडच्या डावीकडे लहान आणि उजवीकडे मोठे आकडे आहेत. पण तेच आकडे घेऊन बीएसटी किती प्रकारे काढता येतं माहितीये का? 11 वेगवेगळ्या आकड्यांची 58,786 वेगवेगळी बीएसटी होतात (कॅटलान नंबर शिकला असशील, त्यातला अकरावा), आणि त्या सगळ्यांचा इनऑर्डर एकच येतो, अक्षराला अक्षर तोच. म्हणजे इनऑर्डर बघून तुला कुठला आकडा कुठे टांगलाय याबद्दल काहीही कळत नाही. आणि आकडा चुकीचा वाचला असेल तर त्या चुकीच्या आकड्यासकट तो सॉर्टेडच येणार, कारण ट्रीला काय माहीत सीनिअरने काय लिहिलं होतं. इनऑर्डर सॉर्टेड *नाही* आला तर मात्र नक्की समजायचं की काढताना चूक झालीये. म्हणजे ही टेस्ट नापास करायला चांगली आहे, पास करायला नाही.

आता तुझा लीफ कुठे गेला ते. ट्रीमध्ये नवीन आकडा घालताना पुस्तकात सांगतात तसं रूटपासून सुरू करायचं, लहान असेल तर डावीकडे, मोठा असेल तर उजवीकडे, रिकामी जागा मिळेपर्यंत. ते बरोबरच आहे, पण कागदावर चेक करायला मी दुसरी रीत वापरतो. नवीन आकडा आला की आत्तापर्यंत आलेल्या आकड्यांमध्ये त्याचे दोन शेजारी शोधायचे, म्हणजे त्याच्यापेक्षा लहान असलेल्यांतला सगळ्यात मोठा आणि त्याच्यापेक्षा मोठा असलेल्यांतला सगळ्यात लहान. या दोघांपैकी जो *नंतर* आला तोच त्याचा पेरेंट. नंतर आलेला लहान शेजारी असेल तर नवा आकडा त्याच्या उजवीकडे, मोठा शेजारी असेल तर त्याच्या डावीकडे. एकच शेजारी असेल (म्हणजे नवा आकडा आत्तापर्यंतचा सगळ्यात लहान किंवा सगळ्यात मोठा असेल) तर तोच पेरेंट. हे चालतं कारण ट्रीमध्ये दोन लगतच्या आकड्यांपैकी एक कायम दुसऱ्याच्या खाली असतो, आणि जो खाली आहे तो अर्थातच नंतर आलेला असतो, त्याचीच ती बाजू रिकामी असते.

तुझ्या यादीवर लावून बघ. 33 येतो तेव्हा आधी 42, 17, 68, 25, 9, 55, 80 आलेत. 33 चे शेजारी 25 आणि 42. 42 पहिला आला, 25 नंतर, म्हणून 33 हा 25 च्या उजवीकडे. बरोबर? आता पुढे 61 येतो, शेजारी 55 आणि 68, नंतर आलेला 55, म्हणून 55 च्या उजवीकडे. तू 67 वाचलास, त्याचे शेजारी कोण? तेच, 55 आणि 68. म्हणून तोही 55 च्याच उजवीकडे गेला. शेवटचा 58 आला तेव्हा त्याचे शेजारी 55 आणि 61 (तुझ्याकडे 55 आणि 67), नंतर आलेला 61 किंवा 67, म्हणून त्याच्या डावीकडे. दोन्ही वाचनांत आकार तोच, फक्त एका गोलातला आकडा वेगळा. म्हणूनच लीफ मोजून ही चूक कधीच सापडणार नाही.

21 आणि 27 चं मात्र तसं नाही. 21 चे शेजारी 17 आणि 25, नंतर आला 25, म्हणून 21 हा 25 च्या डावीकडे जातो आणि 33 आधीपासून उजवीकडे आहेच, म्हणजे 25 ला दोन मुलं आणि दोन्ही लीफ. पण 27 चे शेजारी 25 आणि 33, त्यात नंतर आलेला 33, म्हणून 27 जातो 33 च्या डावीकडे. आता 33 लीफ राहत नाही, 25 ची डावी बाजू रिकामी, आणि एका सरळ फांदीवर 25, 33, 27 असे तीन लोंबकळतात. बरोबर ट्रीमध्ये लीफ आहेत 9, 21, 33, 58, 80. तुझ्याकडे 9, 27, 58, 80. हाच तो गेलेला लीफ.

यातून एक नियम निघतो. सगळे आकडे सॉर्ट करून ठेवले आणि चुकीच्या वाचलेल्या आकड्याचा नंबर (पहिला, दुसरा, तिसरा असा क्रम) बदलला नाही, तर ट्रीचा आकार बदलत नाही. 61 असो की 67, सॉर्टेड यादीत तो नववाच राहतो, 58 च्या पुढे आणि 68 च्या मागे. 21 तिसरा असतो पण 27 झाला की 25 ला ओलांडून चौथा होतो, तिथे गडबड होते. त्यामुळे फोटोत एखादा अंक नीट दिसत नसेल तर आधी हे बघ की दोन्ही शक्यतांमध्ये तो कुणाला ओलांडतोय का. ओलांडत नसेल तर निवांत ट्री काढून घे, हाइट, लीफ, लेव्हल असल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं तीच येणार, फक्त ट्रॅव्हर्सल लिहिताना तो एक आकडा ठरवावा लागेल.

ठरवायचा कसा, तर फोटोतच. तुझ्या फोटोत दुसराच आकडा 17 आहे, म्हणजे त्याच माणसाने 1 आणि 7 शेजारी शेजारी लिहून ठेवलेत, याहून चांगला नमुना मिळणार नाही. झूम करून बघ, त्याच्या 7 च्या पोटातून एक छोटी आडवी रेघ जाते, आणि 1 च्या डोक्याला मागे वळलेली शेपटी आहे, ती जरा लांब झाली की 7 वाटते. आता 67 आणि 27 म्हणतोयस त्यांचे शेवटचे अंक बघ, दोन्हीकडे पोटात रेघ नाही, फक्त डोक्याला शेपटी. दोन्ही 1 आहेत. हस्ताक्षर वाचताना अंक एकटा बघून ठरवू नकोस, त्याच पानावर तोच अंक जिथे शंका नाही तिथे शोध आणि त्याच्याशी ताडून बघ. 1 आणि 7, 0 आणि 6, 4 आणि 9, 3 आणि 8 या जोड्या सगळ्यात जास्त फसवतात. आणि वाचल्यावर एकच आकडा दोनदा आला तर लगेच थांब, कारण प्रश्नात डुप्लिकेट मुद्दाम दिले असतील तर ते कुठल्या बाजूला घालायचे हेही बहुतेक वेळा लिहिलेलं असतं. तसं काही लिहिलं नसेल तर दोनातला एक आकडा तूच चुकीचा वाचलायस असंच आधी धर.

अंक सोडून फोटोत अजून दोन गोष्टी बिघडतात. एक म्हणजे ओळींचा क्रम. तुझ्या फोटोत यादी दोन ओळींत आहे, वरच्या ओळीत 55 पर्यंत सहा आणि खालच्या ओळीत 80 पासून पाच. वही तिरकी धरून काढलेल्या फोटोत काही जण खालची ओळ आधी वाचतात किंवा दोन ओळी वरून खाली जोड्या लावून वाचतात, 42, 80, 17, 33 असं. खालची ओळ आधी धरली तर 80 रूट होतो, आणि तो तर सगळ्यात मोठा, मग त्याच्या उजवीकडे कधीच कुणी येणार नाही, सगळं ट्री डावीकडे कलंडलेलं दिसेल. गंमत म्हणजे त्यातही लीफ 4च येतात, मोजून बघ, 9, 25, 55 आणि 68. म्हणजे 4 आले म्हणून लगेच "अंकच चुकला" असंही म्हणता येत नाही, आणि इनऑर्डर तर याही ट्रीचा सॉर्टेडच येतो. प्रश्न काढणारा माणूस सहसा पहिला आकडा मधला घेतो, नाहीतर मुद्दाम चढता क्रम देऊन एका बाजूला लोंबणारं ट्री काढायला लावतो. रूट सगळ्यात मोठा किंवा सगळ्यात लहान आला आणि बाकी यादी विस्कळीत असेल तर ओळींचा क्रम परत बघ.

दुसरी गोष्ट, फोटोच्या कडेला कापला गेलेला आकडा. शेवटचा आकडा कापला गेला तर नुकसान थोडं, कारण शेवटी आलेला आकडा नेहमी लीफच असतो, बाकीचं ट्री तसंच्या तसं राहतं. पण म्हणूनच ते पटकन कळत नाही. तुझ्याच उदाहरणात 58 दिसलाच नसता तर 61 लीफ झाला असता आणि लीफ परत 5 च आले असते! उत्तर जुळलं म्हणून तू खूश आणि पोस्टऑर्डरमध्ये एक आकडा कमी. याउलट पहिला आकडा कापला गेला तर रूटच बदलतो आणि सगळंच हलतं. यादीत जितका मागचा आकडा चुकेल तितकं नुकसान कमी जागेत राहतं, जितका पुढचा चुकेल तितकं जास्त पसरतं. त्यामुळे पहिले तीन-चार आकडे दोनदा वाच, आणि प्रश्नात "11 की" असं कुठे लिहिलं असेल तर यादी मोजून घे.

एक मात्र आहे, क्रमात थोडी उलटापालट झाली म्हणून ट्री बदलेलच असं नाही. 25 आणि 9 ची जागा बदललीस तरी ट्री तेच, कारण ते एकमेकांच्या रस्त्यात येतच नाहीत. अट एकच, प्रत्येक पेरेंट आपल्या मुलाच्या आधी आला पाहिजे. या ट्रीसाठी असे क्रम 8,064 आहेत, 11! ला प्रत्येक नोडखालच्या (त्याच्यासकट) नोडच्या संख्येने भागत गेलास की हा आकडा मिळतो, म्हणजे 11 × 5 × 3 × 5 × 3 × 2 ने, बाकीचे सगळे 1. पण 61 च्या आधी 58 वाचलास तर गेलं, मग 58 हा 55 ची उजवी बाजू पकडतो आणि 61 त्याच्या उजवीकडे जातो.

आता ट्री काढायचं कसं की ट्रॅव्हर्सल वाचताना डोळा चुकणार नाही. बहुतेक जण वरून सुरू करतात, पहिल्या दोन लेव्हल ऐसपैस काढतात आणि चौथ्या लेव्हलला जागा संपते, मग 58 कुठेतरी सरळ खाली लटकवतात. त्यापेक्षा आधी पानाच्या तळाला आकडे सॉर्ट करून एका ओळीत लिही, सारख्या अंतरावर: 9, 17, 21, 25, 33, 42, 55, 58, 61, 68, 80. मग प्रत्येक नोड त्याच्या आकड्याच्या बरोबर वरती, आपल्या लेव्हलच्या उंचीवर काढ. दोन नोड कधीच एकमेकांवर चढणार नाहीत, आणि कोण डावीकडे कोण उजवीकडे याची शंकाच राहत नाही:

```
                    42
    17                              68
 9          25          55              80
        21      33              61
                            58
```

यात इनऑर्डर म्हणजे नुसतं डावीकडून उजवीकडे सरळ वाचणं, लेव्हल विसरून. आणि उजव्या बाजूला बघ, 55 च्या खाली 61 उजवीकडे सरकलाय आणि 58 परत डावीकडे आलाय, पण 55 च्या उजवीकडेच राहिलाय. ही 55, 61, 58 ची नागमोडी जागाच या ट्रीमधली सगळ्यात धोक्याची, कारण 55 ला एकच मूल, 61 लाही एकच मूल. एकच मूल असलं की लोक रेघ सरळ खाली ओढतात आणि पाच मिनिटांनी स्वतःलाच कळत नाही की ते लेफ्ट होतं की राइट. 61 ला लेफ्ट समजून इनऑर्डर वाचलास तर 58, 61, 55 येईल, म्हणजे सॉर्टेड नाही, इथे इनऑर्डरची टेस्ट कामाला येते. पण प्रीऑर्डर आणि पोस्टऑर्डरला ही चूक कळतच नाही! प्रीऑर्डरमध्ये 55, 61, 58 आणि पोस्टऑर्डरमध्ये 58, 61, 55, मूल डावं असो की उजवं. एकुलत्या मुलाची बाजू फक्त इनऑर्डरला दिसते. म्हणून एकच मूल असेल तिथे रेघ ठळक तिरकी काढायची, पेपर तपासणारा पण तेच बघतो.

प्रीऑर्डरमध्ये नोडवर पहिल्यांदा पोचलास की लगेच लिहायचं: 42, 17, 9, 25, 21, 33, 68, 55, 61, 58, 80. पोस्टऑर्डरमध्ये नोड सोडून कायमचं वर जाताना लिहायचं: 9, 21, 33, 25, 17, 58, 61, 55, 80, 68, 42. वाचताना ट्रीच्या बाहेरून बोट फिरव, रूटच्या डाव्या बाजूने खाली उतर, प्रत्येक फांदीला चिकटून सगळ्या ट्रीला वळसा घालून उजव्या बाजूने परत रूटला ये. नोडच्या डाव्या अंगाने बोट गेलं की प्रीऑर्डरला लिही, खालून गेलं की इनऑर्डरला, उजव्या अंगाने वर गेलं की पोस्टऑर्डरला. एका फेरीत एकच ट्रॅव्हर्सल लिही, तिन्ही एकदम लिहायला गेलास की हमखास एखादा सुटतो.

आणि कृपा करून प्रीऑर्डर उलटा लिहून पोस्टऑर्डर म्हणून देऊ नकोस, हे मी दरवर्षी बघतो. प्रीऑर्डर उलटा केला तर 80, 58, 61, 55, 68 असं सुरू होतं, आणि पोस्टऑर्डर सुरू होतो 9 ने. दोन्हीच्या शेवटी रूट येतं म्हणून लोकांना तसं वाटतं, पण प्रीऑर्डर उलटा केला की उजवी बाजू आधी येते.

आता तुझा दुसरा प्रश्न, उत्तर नसताना पोस्टऑर्डर चेक कसा करायचा. ट्रीकडे न बघता, फक्त लिहिलेल्या ओळीवरून करता येतं, कारण बीएसटीचा पोस्टऑर्डर एकटाच पूर्ण ट्री सांगतो (प्रीऑर्डर पण, फक्त इनऑर्डर सांगत नाही). शेवटचा आकडा घे, 42, तो रूट. उरलेल्या ओळीत आधी सगळे 42 पेक्षा लहान आणि मग सगळे मोठे असे दोन सलग गट पडले पाहिजेत: 9, 21, 33, 25, 17 आणि 58, 61, 55, 80, 68. पडतायत. मोठे सुरू झाल्यावर मध्येच एखादा लहान दिसला तर ती ओळ कुठल्याच बीएसटीचा पोस्टऑर्डर असू शकत नाही, पुढे बघायचीसुद्धा गरज नाही. एमसीक्यूमध्ये "यातला कुठला पोस्टऑर्डर शक्य नाही" असं विचारतात तेव्हा हेच करायचं असतं. मग प्रत्येक गटावर तेच परत. डाव्या गटात शेवटी 17, त्याच्यापेक्षा लहान 9, मोठे 21, 33, 25. त्या तिघांत शेवटी 25, लहान 21, मोठा 33. उजव्या गटात शेवटी 68, लहान 58, 61, 55, मोठा 80. 55 च्या गटात लहान कुणीच नाही, दोन्ही मोठे, म्हणजे 55 ला डावं मूल नाही. 58, 61 मध्ये शेवटी 61, लहान 58. झालं, हेच ट्री परत मिळालं. मिळालेलं ट्री आणि काढलेलं ट्री जुळलं की पोस्टऑर्डर वाचताना चूक नाही.

इथे तुझ्या ट्रीचा पोस्टऑर्डर शेजारी ठेवून बघ: 9, 27, 33, 25, 17, 58, 67, 55, 80, 68, 42. बरोबर उत्तराशी ताडलास तर सगळ्या जागा त्याच, नुसता 21 च्या जागी 27 आणि 61 च्या जागी 67! आकार वेगळा असूनसुद्धा. कारण 21 हा 25 चं डावं मूल असला काय किंवा 27 हा 33 च्या खाली असला काय, दोघेही 33 च्या आधी आणि 33 हा 25 च्या आधी लिहिला जातो. वर्गातल्या कुणाचं उत्तर बघून "अरे माझा फक्त आकडा चुकलाय, ट्री बरोबर आहे" असं म्हणून नुसता तो आकडा खोडलास तर पोस्टऑर्डरला मार्क मिळतील पण काढलेली आकृती चुकीचीच राहील. प्रीऑर्डरमध्ये हा फरक उघडा पडतो, बरोबर ट्रीत 25, 21, 33 आणि तुझ्यात 25, 33, 27. म्हणून कुणाशी उत्तर ताडायचं झालं तर प्रीऑर्डर मागून घे. तो मिळाला की आणखी एक सोय, प्रीऑर्डरलाच इन्सर्शन ऑर्डर समजून आकडे घातलेस की तेच ट्री तयार होतं, कारण त्यात पेरेंट नेहमी मुलाच्या आधी असतो. पोस्टऑर्डर असेल तर तो उलटा करून घाल, तेही चालतं.

घरी कॉम्प्युटर असेल तर एवढा पायथन पुरे, यादी बदलून दोन्ही वाचनं चालवून बघ:

```python
def insert(t, k):
    if t is None:
        return [k, None, None]
    i = 1 if k < t[0] else 2
    t[i] = insert(t[i], k)
    return t

def post(t):
    return post(t[1]) + post(t[2]) + [t[0]] if t else []

root = None
for k in [42, 17, 68, 25, 9, 55, 80, 33, 61, 21, 58]:
    root = insert(root, k)
print(post(root))
print(root)
```

`post` ने ओळ छापली की हाताने लिहिलेल्याशी जुळव. खालचं `print(root)` मी मुद्दाम ठेवलंय, त्यात प्रत्येक नोड `[आकडा, डावा, उजवा]` असा दिसतो, वाचायला जरा किचकट आहे पण 25 च्या जागी `[25, [21, None, None], [33, None, None]]` दिसतंय का एवढंच शोध. 27 घालून चालवलंस तर तिथे `[25, None, [33, [27, None, None], None]]` येईल. एकच लक्षात ठेव, या कोडमध्ये सारखा आकडा आला तर तो उजवीकडे जातो. तुमच्या सरांनी डुप्लिकेट टाकून द्यायला सांगितले असतील किंवा डावीकडे घालायला सांगितले असतील तर `insert` मधली तुलना त्याप्रमाणे बदलावी लागेल.

लीफच्या खाली फोटोत हाइटचा पण प्रश्न अर्धा दिसतोय. तिथे 42 पासून 58 पर्यंत चार रेघा आहेत, पण काही पुस्तकं रेघा मोजतात आणि काही नोड, मग 4 आणि 5 दोन्ही उत्तरं निघतात. तुमच्या नोट्समध्ये एकट्या रूटची हाइट 0 धरलीये की 1 ते बघून लिही. तुझ्या चुकीच्या ट्रीमध्ये पण हाइट तेवढीच येते, 27 आणि 58 दोघेही त्याच लेव्हलला आहेत, त्यामुळे त्या उत्तराने तुला काही इशारा मिळाला नसता.